‘पिक अप इट’ चूक, मग ‘लुक ॲट इट’ बरोबर कसे?

हदगाव तालुक्यातील एखाद्या मराठी शाळेत नववीच्या वर्गात गुरुजींनी विचारले, की ‘ते पोते उचल’ याचे इंग्रजी काय, तर बहुतेक मुले बरोबर सांगतील : ‘पिक अप द सॅक’. आता पुढचा प्रश्न. ‘ते उचल’ याचे काय? इथे मोठा गट ‘पिक अप इट’ म्हणेल. ‘द सॅक’ काढले, त्या जागी ‘इट’ बसवले. मराठी डोक्याला हा हिशेब अगदी सरळ वाटतो. पण इंग्रजीत हे वाक्य चुकीचे आहे. बरोबर वाक्य ‘पिक इट अप’ असे होते.

चूक एका शब्दाच्या जागेची आहे आणि अर्थ समजायला तिच्यामुळे अडचण येत नाही. तरीही परीक्षेत गुण जातो, मुलाखतीत ऐकणाऱ्याच्या कानाला खटकते. मात्र खरे नुकसान तिथे होत नाही. ही चूक सुधारण्यासाठी मुलांच्या हाती जी औषधाची बाटली दिली जाते, तिच्यातून दुसरीच चूक जन्माला येते. ते नुकसान मोठे आहे.

नियम नेमका काय आहे?

इंग्रजीत क्रियापद आणि एखादे छोटे अव्यय मिळून नवा अर्थ तयार होतो. ‘पिक’ म्हणजे निवडणे किंवा वेचणे, ‘पिक अप’ म्हणजे उचलणे. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे. अशा जोडीला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. लोगन पिअरसाल स्मिथ यांनी 1925 मध्ये इंग्रजी वाक्प्रचारांवरील आपल्या पुस्तकात हे नाव वापरले आणि ते ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे नोंदवले. नाव जुने नाही, प्रयोग मात्र कित्येक शतकांचा आहे.

या जोडीसोबत कर्म नाम असेल, तर ते दोन ठिकाणी बसू शकते. ‘पिक अप द सॅक’ चालते आणि ‘पिक द सॅक अप’ हेही चालते. कर्म सर्वनाम असेल, म्हणजे इट, हिम, हर, देम, मी, अस यांपैकी काही असेल, तर मात्र एकच जागा उरते. ते क्रियापद आणि अव्यय यांच्या मध्येच बसते : ‘पिक इट अप’, ‘गिव्ह इट अप’, ‘टर्न देम ऑफ’.

हा केवळ शाळेच्या पाठ्यपुस्तकातला शिष्टाचार नाही. नोम चॉम्स्की यांनी 1957 मध्ये आधुनिक भाषाविज्ञानाला वळण देणारे आपले छोटे पुस्तक लिहिले, त्यात या रचनेचा विचार आहे. अव्यय कर्माच्या पलीकडे नेणे नामाच्या बाबतीत ऐच्छिक, तर सर्वनामाच्या बाबतीत सक्तीचे, असे त्यांनी दाखवले. इंग्रजी घरात वाढलेले मूल ‘पिक इट अप’ कुणी न शिकवता बोलते. हदगावच्या मुलाला ते शिकावे लागते, एवढाच फरक आहे.

वेचणे आणि उचलणे

कापसाच्या शेतात हा फरक डोळ्यांसमोर उभा करता येतो. मजूर बाया बोंडातून कापूस वेचतात. त्याला इंग्रजीत ‘पिक’ म्हणतात, त्यात ‘अप’ नाही. कापूस वेचला, ‘दे पिक्ड इट’. मग वेचलेल्या कापसाचे गाठोडे बांधून शेताच्या धुऱ्यावर ठेवले. संध्याकाळी ते उचलून गाडीत टाकायचे आहे. आता ‘पिक अप’ आले. गाठोडे उचलले, ‘दे पिक्ड इट अप’.

दोन्ही वाक्यांत ‘पिक्ड इट’ इथपर्यंत सारे सारखे आहे. वेचले की उचलले, हे शेवटचा ‘अप’ ठरवतो. म्हणजे ऐकणारा वाक्याच्या शेवटी येणाऱ्या त्या एका अक्षराची वाट पाहत असतो. ‘इट’ने काहीच नवे सांगितलेले नसते. कशाबद्दल बोलणे चालू आहे, ते त्याला आधीच माहीत असते.

नियमामागचे कारण इथेच सापडते. इंग्रजी वाक्यात नवी, महत्त्वाची गोष्ट शेवटाकडे ठेवण्याची आणि आवाजाचा जोर तिथे देण्याची सवय आहे. ‘इट’ हा जोर पेलू शकत नाही. तो इतका हलका शब्द आहे, की बोलताना आधीच्या क्रियापदाला चिकटून जातो. ‘पिक इट’ हे दोन शब्द म्हणून ऐकूच येत नाहीत, ‘पिकिट’ असे एकच काहीतरी ऐकू येते. असा हलका शब्द वाक्याच्या शेवटी, जोराच्या जागी नेऊन बसवला, की इंग्रजी कानाला वाक्य लंगडे वाटते. याउलट ‘अप’वर जोर देता येतो. म्हणून शेवटची जागा त्याला मिळते.

‘द सॅक’ हे नाम मात्र जोर घेऊ शकते, म्हणून ते शेवटी चालते. कर्म लांबलचक असेल तर ते शेवटीच बरे वाटते. ‘काल धुऱ्यावर राहिलेले ते पोते’ एवढे सगळे ‘पिक’ आणि ‘अप’ यांच्या मध्ये कोंबले, तर ‘अप’ येईपर्यंत ऐकणाऱ्याचा दम सुटतो. हलके ते आत, जड ते बाहेर, हा त्यामागचा साधा तोल आहे.

मराठी मूल नेमके इथेच का अडखळते?

याला दोन कारणे आहेत आणि दोन्ही मराठीच्या ताकदीतून आलेली आहेत.

पहिले कारण असे, की मराठीत कर्म हलवायला मोकळीक आहे. ‘ते उचल’ म्हणा किंवा घाईत ‘उचल ते’ म्हणा, दोन्ही चालते. ‘घेऊन ये त्याला’ हे रोजच्या बोलण्यातले वाक्य आहे. सर्वनाम शेवटी आले म्हणून मराठी वाक्य लंगडत नाही. त्यामुळे ‘उचल ते’ या चालीवर ‘पिक अप इट’ तोंडात सहज येते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. ‘पिक अप’ला मराठीत जवळचे काय, तर ‘उचलून घे’, ‘सोडून दे’, ‘फेकून दे’ अशी संयुक्त क्रियापदे. इंग्रजीतल्यासारखेच दोन शब्द मिळून एक अर्थ देतात. पण या दोन शब्दांच्या मध्ये मराठी कर्म शिरू देत नाही. ‘उचलूनच घे’, ‘उचलून तरी घे’ असा ‘च’ किंवा ‘तरी’ आत येऊ शकतो. पण ‘उचलून ते घे’ म्हटले, की अर्थ बदलतो. आधी काहीतरी उचल आणि मग ते घे, अशा दोन वेगळ्या कृती ऐकू येतात. संयुक्त क्रियापद फोडायचे नसते, ही जाणीव मराठी मुलाच्या हाडीमाशी असते. ‘पिक’ आणि ‘अप’ यांच्या मध्ये ‘इट’ घुसवायला त्याची जीभ तयार होत नाही, ती यामुळे.

पण या भूमीला क्रियापदाचा असा सुटा तुकडा अगदीच अनोळखी नाही. प्रहार, आहार, विहार, संहार या शब्दांत एकाच धातूला वेगवेगळे उपसर्ग लागून अर्थ बदललेला आहे. आज हे उपसर्ग शब्दाला कायमचे चिकटलेले दिसतात. वेदांच्या भाषेत मात्र ते सुटे फिरत असत. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात, 80 ते 82 या लागोपाठच्या सूत्रांत, याची नोंद केली आहे. उपसर्ग धातूच्या आधी येतात, वेदात ते धातूच्या नंतरही येतात आणि मध्ये दुसरे शब्द येऊन ते धातूपासून दूरही पडतात. ‘पिक अप द सॅक’ आणि ‘पिक द सॅक अप’ या दोन रचना डोळ्यांपुढे ठेवल्या, तर हे वर्णन ओळखीचे वाटेल.

इंग्रजीतही काही अव्यये अशीच पुढे चिकटून उपसर्ग बनली आहेत. नांदेड–नागपूर रस्त्यावर ट्रकला मागे टाकणे म्हणजे ‘ओव्हरटेक’. इथे ‘ओव्हर’ चिकटलेला आहे, म्हणून सर्वनाम सरळ मागे येते : ‘ओव्हरटेक इट’. तेच दोन तुकडे सुटे करून उलटे ठेवले, तर ‘टेक ओव्हर’ होते, म्हणजे ताबा घेणे. मग सर्वनाम मध्ये जाते : ‘टेक इट ओव्हर’. ‘अपसेट हिम’ म्हणजे त्याला नाराज करणे आणि ‘सेट हिम अप’ म्हणजे त्याला अडकवणे किंवा धंद्यात उभे करणे. चिकटलेला असेल तर सर्वनाम बाहेर, सुटा असेल तर सर्वनाम आत.

मग ‘लुक ॲट इट’ बरोबर कसे?

इथपर्यंत समजलेला हुशार विद्यार्थी पुढचा प्रश्न विचारतोच. सर्वनाम मध्ये घालायचे असेल, तर ‘लुक ॲट इट’ चुकीचे ठरायला हवे. ‘लुक इट ॲट’ म्हणायला हवे. पण तसे कोणी म्हणत नाही. का?

याचे उत्तर इंग्रजीच्या तासाला नव्हे, मराठी व्याकरणाच्या तासाला आधीच शिकवलेले असते. ‘वर’ हा एकच शब्द घेऊ. ‘तो दगडावर बसला’ या वाक्यात ‘वर’ दगडाला जोडलेला आहे, म्हणून ते शब्दयोगी अव्यय. ‘त्याने दगड वर उचलला’ या वाक्यात ‘वर’ दगडाला जोडलेला नाही. दगड कुठे गेला, म्हणजे उचलण्याची दिशा कोणती, ते तो सांगतो. म्हणून ते क्रियाविशेषण अव्यय. शब्द तोच, नाते वेगळे.

आता दगडाच्या जागी सर्वनाम घाला. पहिल्या वाक्याचे ‘तो त्यावर बसला’ होते. ‘वर’ सर्वनामाला चिकटला. दुसऱ्याचे ‘त्याने तो वर उचलला’ होते. ‘वर’ सुटाच राहिला.

इंग्रजीत हेच घडते, फक्त चिकटणे डोळ्यांना दिसत नाही, कारण दोन्ही ठिकाणी शब्द सुटे लिहितात. ‘लुक ॲट इट’मधले ‘ॲट’ हे ‘इट’ला जोडलेले आहे. मराठीत ‘त्याच्याकडे’ म्हणताना ‘कडे’ जसे सर्वनामाला सोडत नाही, तसे ‘ॲट’ ‘इट’ला सोडत नाही. दोघांना वेगळे करणे म्हणजे ‘कडे त्याच्या’ म्हणण्यासारखे आहे. ‘पिक इट अप’मधला ‘अप’ मात्र ‘इट’ला जोडलेलाच नाही. तो ‘पिक’चा सोबती आहे.

म्हणून नियम असा सांगावा : ते छोटे अव्यय कर्माचे असेल, तर सर्वनाम त्याच्या मागे. ते क्रियापदाचे असेल, तर सर्वनाम त्याच्या आधी.

तीच जोडी, दोन जागा

हा फरक किती खरा आहे, ते एकाच जोडीच्या दोन अर्थांत दिसते. ‘रन अप’ घ्या. मुलगा टेकडीवर धावत गेला, ‘ही रॅन अप द हिल’. टेकडीच्या जागी सर्वनाम घातले तर ‘ही रॅन अप इट’ होते. हे वाक्य व्याकरणाने पूर्ण बरोबर आहे. ‘अप’नंतर ‘इट’ येऊच शकत नाही, असे समजणाऱ्याला हा धक्का असतो. मराठीत पाहा : टेकडी‘वर’. अव्यय टेकडीला जोडलेले आहे.

आता दुकानदाराकडे उधारी वाढवून ठेवली, ‘ही रॅन अप अ बिल’. इथे ‘बिलावर’ कोणी धावले नाही. ‘अप’ धावण्याला चिकटून ‘वाढवणे’ असा अर्थ देतो. म्हणून सर्वनाम आत : ‘ही रॅन इट अप’.

‘लुक ओव्हर’चेही तसेच. भिंतीवरून पलीकडे पाहिले तर ‘लुक ओव्हर इट’. उत्तरपत्रिकेवर नजर फिरवली, ती एकदा तपासून पाहिली, तर ‘लुक इट ओव्हर’. ‘सी थ्रू’मध्ये जागा बदलली की माणसाशी असलेले नातेच पालटते. ‘आय सॉ थ्रू हिम’ म्हणजे त्याचे ढोंग ओळखले. ‘आय सॉ हिम थ्रू’ म्हणजे अडचणीतून पार पडेपर्यंत त्याला साथ दिली. सर्वनामाची जागा चुकली, तर इथे फक्त गुण जात नाही. ज्याला साथ दिली त्यालाच ढोंगी म्हटल्यासारखे होते.

यादी का फसते?

2000 सालापासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे दहावीला पोहोचलेल्या मुलाने दहा वर्षे हा विषय घेतलेला असतो. त्याआधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. पद्धत बदलली, पण फ्रेजल व्हर्बपाशी आले, की वर्गातही आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांतही जुनाच मार्ग धरला जातो. दोन रकान्यांची यादी दिली जाते. एका रकान्यात ‘फोडता येणारी’, दुसऱ्यात ‘न फोडता येणारी’ क्रियापदे. पाठ करा आणि परीक्षेला जा.

या यादीत तीन दोष आहेत. पहिला, ती कधी संपत नाही. इंग्रजीत अशा जोड्या शेकड्यांनी आहेत आणि नव्या होत राहतात. दुसरा, ‘रन अप’, ‘लुक ओव्हर’, ‘सी थ्रू’ यांना तिच्यात जागाच नाही, कारण ती दोन्ही रकान्यांत बसतात. तिसरा दोष सर्वांत महागडा. यादी कारण सांगत नाही, त्यामुळे ती विसरली की फक्त भीती उरते. ‘सर्वनाम मध्ये घालायचे असते’ एवढेच अर्धवट आठवते आणि विद्यार्थी बरोबर असलेली वाक्येही बिघडवू लागतो. ‘लुक हिम आफ्टर’, ‘वेट इट फॉर’ अशी वाक्ये लिहितो. जो मुलगा आधी फक्त ‘पिक अप इट’ चुकत होता, तो आता ‘लुक आफ्टर हिम’ही चुकतो. औषधाने आजार वाढला, तो असा.

म्हणून यादी मागे ठेवून अव्यय कोणाचे आहे, हा एकच प्रश्न आधी शिकवायला हवा. मराठी माध्यमाच्या मुलाकडे त्यासाठी लागणारे व्याकरण आधीच आहे. ते इंग्रजीच्या तासाला वापरले जात नाही, हे दुर्दैव आहे.

एक प्रश्न सोडवून पाहू

स्पर्धा परीक्षांत ‘चुकीचे वाक्य ओळखा’ हा प्रकार नेहमीचा आहे. समजा, तहसील कार्यालयातल्या एका प्रसंगाची ही चार वाक्ये आहेत.

पहिले : ‘शी आस्क्ड फॉर द फॉर्म अँड वेटेड फॉर इट.’
दुसरे : ‘शी फिल्ड इट इन.’
तिसरे : ‘देन शी हँडेड इन इट टु द क्लार्क.’
चौथे : ‘द क्लार्क लुक्ड ॲट इट.’

पहिल्यात ‘फॉर’ आहे. वाट कशाची पाहिली? अर्जा‘साठी’. अव्यय कर्माला जोडलेले आहे, म्हणून ‘फॉर इट’ बरोबर. चौथ्यात ‘ॲट’. अर्जा‘कडे’ पाहिले, पुन्हा जोडलेले, पुन्हा बरोबर.

दुसरे वाक्य यादीवाल्याला गोंधळात टाकते, कारण ‘इन’ म्हणजे ‘मध्ये’ असे त्याने शिकलेले असते. पण तिने अर्ज भरला. अर्जा‘मध्ये’ काही ठेवले, असे वाक्य म्हणत नाही. ‘इन’ इथे ‘फिल’चा सोबती आहे. म्हणून ‘फिल्ड इट इन’ बरोबर. तिने अर्जामध्ये नाव लिहिले असे म्हणायचे असते, तर ‘शी रोट हर नेम इन इट’ झाले असते. तोच अर्ज, तेच ‘इन’, पण आता मराठीत ‘अर्जामध्ये’ आले, म्हणून ‘इट’ मागे गेले.

राहिले तिसरे. तिने अर्ज कारकुनाकडे दिला, जमा केला. ‘इन’ अर्जाला जोडलेले नाही, ते ‘हँड’चे आहे. मग ‘इट’ आत हवे : ‘हँडेड इट इन’. चुकीचे वाक्य तिसरे. एकही यादी न आठवता उत्तर मिळाले.

ही चाचणी कुठे कमी पडते?

मराठीत भाषांतर करून पाहण्याची ही रीत जागा, दिशा, हालचाल यांच्या वाक्यांत चांगली चालते. अर्थ फार दूर गेला की ती अपुरी पडते. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे. ‘बाळाला सांभाळ’ यात ‘नंतर’ किंवा ‘मागे’ असे काहीच दिसत नाही. मग ‘आफ्टर’ कोणाचे, हे कसे ओळखावे?

तिथे अव्ययाकडे पाहावे. ‘ॲट’, ‘फॉर’, ‘फ्रॉम’, ‘विथ’, ‘इन्टू’, ‘आफ्टर’ ही अव्यये अशा जोड्यांत जवळपास नेहमी कर्माचीच असतात. त्यांच्या मागे सर्वनाम बिनधास्त ठेवावे : ‘लुक आफ्टर हिम’. ‘अवे’, ‘बॅक’, ‘आउट’ ही सहसा क्रियापदाची असतात : ‘थ्रो इट अवे’, ‘गिव्ह इट बॅक’, ‘फाइंड इट आउट’. ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑफ’ हीदेखील बहुतेक वेळा क्रियापदाचीच, पण टेकडी, रस्ता, टेबल अशी खरी जागा आली की कर्माची होतात. खरी सावधगिरी ‘इन’, ‘ऑन’, ‘ओव्हर’, ‘थ्रू’ या चौघांबाबत हवी. ती दोन्ही बाजूंना खेळतात आणि तिथे अर्थ पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

तीन शब्दांची जोडी असेल, तर शेवटचा शब्द निर्णय देतो. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. शेवटी ‘विथ’ आहे, म्हणून ‘पुट अप विथ इट’. आत ‘अप’ आहे म्हणून दचकायचे कारण नाही.

तरीही शंका उरली, तर मोबाइलवरचा शब्दकोश उघडावा, पण फक्त अर्थ पाहून बंद करू नये. विद्यार्थ्यांसाठीचे चांगले इंग्रजी कोश कर्माची जागाही दाखवतात. ऑक्सफर्डच्या ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोशात `pick sb/sth ↔ up` अशा पद्धतीची नोंद दिसते. तो दोन टोकांचा बाण म्हणजे कर्म दोन्हीकडे जाऊ शकते, अर्थात सर्वनाम आत जाणार. `look after sb/sth` अशी नोंद असेल आणि बाण नसेल, तर सर्वनामही मागेच.

‘अप’नंतर सर्वनाम कधीच नाही का?

नियमाला थोडी मोकळीक आहे आणि तीही त्याच कारणातून येते. सर्वनाम हलके असते म्हणून आत जाते. त्याला मुद्दाम जड केले, तर ते बाहेर राहू शकते. दोन मुले बसथांब्यावर उभी आहेत आणि गाडीत एकालाच जागा आहे. तेव्हा बोट दाखवून, ‘हिम’वर ठासून जोर देत ‘पिक अप हिम, नॉट हर’ असे कोणी म्हणू शकते. ‘त्याला आणि त्याच्या भावाला घे’ अशी दोन कर्मे जोडली, तरीही ती शेवटी चालू शकतात, कारण आता वजन वाढले.

‘धिस’, ‘दॅट’, ‘एव्हरीथिंग’ हीसुद्धा सर्वनामे, पण ती जोर पेलतात. म्हणून ‘राइट डाउन धिस’ किंवा ‘पिक अप एव्हरीथिंग’ चुकीचे नाही. ‘इट’ला मात्र असा जोर जवळजवळ कधीच मिळत नाही. त्यामुळे ‘पिक अप इट’ला ही सवलत लागू होत नाही. परीक्षेत तर या सवलतीच्या वाटेला जाऊच नये.

वर्गात काय बदलावे?

फार काही नाही. दोन रकान्यांची यादी लिहिण्याआधी फळ्यावर दोन मराठी वाक्ये लिहावीत : ‘दगडावर बस’ आणि ‘दगड वर उचल’. दोन्हींत दगडाच्या जागी सर्वनाम घालायला सांगावे. मुले ‘त्यावर बस’ आणि ‘तो वर उचल’ असे न चुकता सांगतील. मग त्याखाली ‘सिट ऑन इट’ आणि ‘पिक इट अप’ लिहावे. नियम वेगळा सांगायची गरज राहत नाही, तो मुलांनी स्वतःच सांगितलेला असतो.

त्यानंतर सराव तोंडी व्हावा, कारण ही रचना कानाने पक्की होते. नाम घालून वाक्य म्हणायचे, लगेच सर्वनाम घालून म्हणायचे : ‘टर्न ऑफ द फॅन, टर्न इट ऑफ’. ‘लुक ॲट द फॅन, लुक ॲट इट’. दोन्ही प्रकार मिसळून द्यावेत. एका दिवशी फक्त ‘आत घालायची’ वाक्ये दिली, तर मुले सगळेच आत घालू लागतात.

तपासताना गुरुजींनीही एक भेद करावा. ज्याने ‘पिक अप इट’ लिहिले, त्याने मराठीची चाल इंग्रजीत आणली. ज्याने ‘लुक इट ॲट’ लिहिले, त्याने न समजलेला नियम लावला. दोघांना एकच लाल फुली मिळते. पहिल्याला ‘इट’ किती हलका आहे ते बोलून दाखवावे लागेल, तर दुसऱ्याला ‘त्याच्याकडे’मधल्या ‘कडे’ची आठवण करून द्यावी लागेल.